अन्नजाळ्यातला बाण मुलं उलटा का वाचतात?

मंजिरी_वाई

सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी वर्गातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. पण तेच प्राणी जाळ्यात मांडले आणि मध्ये बाण काढले की गाडी घसरते. या आठवड्यात दिलेली सरावपत्रिका इथे लिहिते. चित्रात बाण आडवेतिडवे होते, इथे एकाखाली एक देते.

भात → नाकतोडा
गवत → नाकतोडा
भात → उंदीर
नाकतोडा → बेडूक
बेडूक → धामण
उंदीर → धामण
उंदीर → घुबड
उंदीर → मुंगूस
धामण → मुंगूस

प्रश्न असे होते:
१. उंदराला कोण कोण खातं?
२. धामण काय काय खाते?
३. या जाळ्यात ज्यांना कोणीच खात नाही असे कोण?
४. शेतातल्या सगळ्या धामणी मारल्या तर बेडकांचं काय होईल?

पहिल्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांना पूर्ण गुण. दुसऱ्याला निम्म्या वर्गाने "मुंगूस" लिहिलंय. तिसऱ्याला "भात आणि गवत". चौथ्याला "बेडूक कमी होतील, कारण त्यांना खायला धामण मिळणार नाही". धामण खाणारा बेडूक! आणि ही तीच मुलं, ज्यांचा पहिला प्रश्न बरोबर आहे. एकाच पानावर बाण एकदा सुलटा आणि एकदा उलटा कसा वाचला जातो? तुम्ही मुलांना बाण कसा वाचायला शिकवता?

---

गणूचे_बाबा

ताई, सोपं आहे. बाण नेहमी मोठ्या आणि ताकदवान प्राण्याकडे जातो. नाकतोड्यापेक्षा बेडूक मोठा, बेडकापेक्षा धामण मोठी. आमच्या गणूला एवढंच सांगितलं, पाच मिनिटांत काम झालं. त्यानंतर एकदाही चुकला नाही.

---

उत्तरा_क्लासेस

एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेच्या मुलांना मी एकच वाक्य देते. बाणाच्या शेपटीकडे जो आहे त्याला "ला" लावा, टोकाकडे जो आहे त्याच्यापुढे "खातो" लावा. भाताला उंदीर खातो. उंदराला घुबड खातं. प्रत्येक बाणावर बोट ठेवून हे वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि मगच प्रश्न वाचायचा. परीक्षेत विचार करायला वेळ नसतो, वाक्य पाठ असलं की हात आपोआप चालतो.

---

रानवेडा

@गणूचे_बाबा, तुमचा नियम त्या पत्रिकेपुरता चालेल. पण ताडोबा-मेळघाटातलं जाळं काढलंत की पहिल्याच बाणाला अडेल. सांबर → रानकुत्रा. पूर्ण वाढलेलं सांबर एका रानकुत्र्याच्या दहापट वजनाचं सहज असतं, पण कुत्री टोळीने येतात आणि सांबर पाडतात. बाण मोठ्याकडून लहानाकडे गेला. त्याहून साधं उदाहरण गोठ्यातलंच घ्या: म्हैस → गोचीड. गोचीड म्हशीचं रक्त पिऊन जगते, म्हणजे बाण गोचिडीकडे. तिथे ताकद मोजत बसलात तर उत्तर चुकणारच.

कोण जिंकलं हे बाण सांगत नाही. खाल्लेला घास कुणाच्या पोटात गेला, एवढंच तो दाखवतो. उंदराने भात खाल्ला की भातात साठलेली ऊर्जा उंदरात आली, बाणही त्याच वाटेने उंदराकडे आला. मुलांच्या डोक्यात मात्र बाण म्हणजे शिकाऱ्याचा बाण. तो मारणाऱ्याकडून सुटतो आणि सावजाला लागतो. म्हणून ती "धामण → मुंगूस" पाहतात आणि धामणीने मुंगसावर हल्ला केला असं वाचतात.

@मंजिरी_वाई, पहिला प्रश्न बरोबर येण्याचं कारण मला असं वाटतं की मुलांनी तिथे बाण पाहिलाच नाही. उंदराला घुबड खातं हे घरी-दारी माहीत असतं. दुसऱ्या प्रश्नात साप-मुंगसाचं वैर माहीत आहे, पण कोण कोणाला खातं ते नक्की नाही, म्हणून तिथे बाणाकडे वळावं लागलं आणि फसगत झाली. खात्री करायची असेल तर प्राण्यांची नावंच काढून टाका.

क → ख → ग
क → घ → ग

आता विचारा, ख काय खातो? ग ला कोण खातं? इथे घरचं ज्ञान कामाला येत नाही. ज्याला बाण वाचता येतो तोच बरोबर लिहील.

---

चष्मिष्ट

ग ला कोणी खात नाही. ग ची बाधा झालेल्यांना सगळे टाळतात.

---

प्राची_जोशी

मी गणिताची. लहान-मोठ्याचं चिन्ह शिकवताना आम्ही मगरीचं तोंड म्हणतो, उघडा जबडा मोठ्या संख्येकडे. बाणाचं टोक नीट पाहा, तेही तेच चिन्ह आहे. "गवत → नाकतोडा" यात उघडा जबडा गवताकडे आहे. जबडा ज्याच्याकडे उघडा, तो घास. जबडा ज्याला चिकटलेला, तो खाणारा. तिसरीपासूनची ओळख असते, मुलांना पटकन पटतं. टोक मात्र ठसठशीत काढायला हवं. छापील पत्रिकांत ते इतकं बारीक असतं की जबडा दिसतच नाही.

---

चष्मिष्ट

बाणाला शेपूट होतीच, आता जबडाही आला. मंजिरीताई, जाळ्यात नववा जीव वाढवा.

---

लेस्टरकर

मुलगी इथे इंग्लंडमध्ये इयर फोरला आहे. अन्नसाखळी याच वर्षी आहे, उत्पादक, भक्षक, भक्ष्य सगळं. तिला सरळ रेषेतली साखळी नीट जमते. गोंधळ झाला तो साखळी उभी छापली होती तेव्हा. घुबड वर, त्याखाली चिचुंद्री, त्याखाली गांडूळ, सगळ्यात खाली पाचोळा, आणि बाण खालून वर. तिने वरून खाली वाचलं, जसं कुठलंही पान वाचतात. बाणाची दिशा तिच्या हिशेबातच नव्हती, नावांचा क्रम होता. पुढच्या पत्रिकेत साखळी उजवीकडून डावीकडे होती, तिथेही तेच.

मग मी एक पट्टी घेतली आणि एका वेळी एकच बाण आणि त्याची दोन टोकं दिसतील असं बाकी सगळं झाकलं. एक बाण, एक वाक्य. ते वाक्य बाजूला लिहायचं, मग पट्टी पुढे सरकवायची. नऊ बाण असतील तर नऊ वाक्यं होतात. वेळ लागतो, पण नंतर चित्र बाजूला ठेवून त्या वाक्यांवरूनच सगळी उत्तरं देता येतात.

---

शिंदेकाका_भोर

वरचं सगळं वाचलं. मुलांचा अभ्यास बाजूला ठेवून विचारतो. आमच्याकडे भाताला उंदीर फार झालेत. बांध पोखरून पाणी फुटतं ते वेगळंच. दोन वर्षांमागे बांधावर धामणी खूप असायच्या, दिसली की माणसं ठेचतात, आता एखादी दिसली तर दिसली. घुबडं आणायची कुठून? कोणी देतं का?

---

रानवेडा

काका, घुबडं आणावी लागत नाहीत, बसायला जागा मिळाली की येतात. शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे रोवा, हरभऱ्या-तुरीत अळीसाठी लावतात तेच. दिवसा कोतवाल, वेडे राघू बसतात, रात्री पिंगळा आणि गव्हाणी घुबड बसतं. बांधावरची जुनी ढोलीची झाडं तोडू नका. आणि धामण बिनविषारी आहे हे गावात सांगत राहा. नाग समजून मारतात तिला.

एक विनंती. उंदरांना ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकत असाल तर जपून. त्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असाच उंदीर घुबडाच्या तावडीत आधी सापडतो. विष उंदराकडून घुबडाकडे जातं.

मंजिरीताई, हे तुमच्या वर्गासाठीही उपयोगी आहे. "ऊर्जा वाहते" म्हटलं तर सहावीच्या मुलाला काही दिसत नाही, विष म्हटलं की दिसतं. गिधाडांचं उदाहरण घ्या. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे. ते जनावर नंतर मेलं की मढं उघड्यावर टाकायचे आणि गिधाडं ते खायची. औषध मढ्यातून गिधाडात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात शंभरातली एखादी-दुसरी उरावी इतकी घटली. कारण नक्की कळलं २००४ मध्ये. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

बाण असा: जनावर → गिधाड. औषध टोचलं शेपटीकडे, मेलं टोकाकडचं. मुलांना लाल पेन द्या आणि विचारा, भातावर कीटकनाशक मारलं तर ते कुठपर्यंत पोहोचू शकतं, रंगवा. भातापासून सुरुवात करून बाण जिकडे नेतील तिकडे जायचं. तुमच्या जाळ्यात भातावरून निघालं की गवत सोडून सगळे लाल होतात. बाण उलटा वाचणाऱ्याचा पेन भातावरच अडकतो, कारण भाताकडे येणारा एकही बाण नाही. कुणाचं कुठे चुकतंय ते तिथल्या तिथे दिसतं.

---

गणूचे_बाबा

गोचिडीचं पटलं. पण शाळेच्या पत्रिकेत गोचीड कधी येते? आणि एक शंका. गणूच्या पुस्तकात साखळी सूर्यापासून सुरू होते, सूर्य → गवत. उत्तरामॅडमच्या वाक्याने "सूर्याला गवत खातं" होईल की.

---

उत्तरा_क्लासेस

सूर्याला अपवाद म्हणून सांगते मी. सूर्य आला की "ला-खातो" नाही, "ऊर्जा मिळते" म्हणायचं. पाचवी-सहावीत एका अपवादाने काही बिघडत नाही.

---

रानवेडा

बिघडत नाही हे खरं, पण अपवाद एकावर थांबत नाहीत. काही पत्रिकांत कोपऱ्यात बुरशी-जीवाणू असतात आणि त्यांच्यापासून झाडाकडे बाण असतो. त्याचं वाक्य "बुरशीला झाड खातं" असं होईल का? तो बाण मातीत सुटलेल्या क्षारांचा आहे, ऊर्जेचा नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकाच काळ्या बाणाने दाखवतात तिथे मुलांची चूक नसते. मी असतो तर तो बाण तुटक रेषेने काढला असता. धामण, मुंगूस, उंदीर, भाताचा पेंढा, सगळे मेल्यावर त्यांच्याकडून बुरशीकडे जाणारे बाण मात्र नेहमीचे, भरीव.

म्हणून मी "कोण खातं" पेक्षा "कुठे गेलं" हा प्रश्न पसंत करतो. तो सूर्यालाही चालतो, बुरशीलाही.

---

प्राची_जोशी

पण दहा वर्षांच्या मुलाला खाणं समजतं, ऊर्जा जाणं समजत नाही. आधी उत्तरामॅडमचं वाक्य, दोन वर्षांनी तुमचं. सगळं एकदम कशाला?

---

अनुज_दहावी

झाडं नेहमी बाणाच्या शेपटीला असतात, हे लक्षात ठेवलं तरी चालतं ना? आम्ही पेपरात आधी झाड शोधायचो. झाडाकडे बाण येत असेल तर चित्र उलटं छापलंय असं समजायचो. एका विकतच्या सरावपुस्तकात खरंच सगळे बाण उलटे होते, वाघ → हरीण → गवत असे.

---

रानवेडा

अनुज, ही खूण चांगली आहे, आणि मोठ्यांनीही वापरावी अशी. पत्रिका मुलांना देण्याआधी हिरव्या झाडांकडे एकदा पाहायचं. सूर्य आणि तो क्षारांचा बाण सोडून कुणाचाही बाण झाडाकडे येत असेल तर थांबायचं. तसंच वाघ, गरुड, घुबड यांच्याकडून बुरशी-जीवाणू सोडून दुसऱ्या कुणाकडे बाण निघत असेल तरी थांबायचं.

फक्त कासला गेलास तर ही खूण एका जागी फसेल. तिथे पावसाळ्यात ड्रोसेरा उगवते, केसांवर चिकट थेंब असलेली लालसर इवलीशी वनस्पती. तिच्यावर माशी बसली की चिकटते आणि पचते. तिथे माशी → ड्रोसेरा असा बाण बरोबर आहे. ती आपलं अन्न उन्हातूनच करते, माशीकडून मुख्यतः नत्र घेते, कारण कातळावरच्या मातीत ते फार कमी असतं.

---

चष्मिष्ट

कासला गर्दी एवढी असते की माणूस → डास हा बाण आधी काढावा लागेल.

---

मंजिरी_वाई

सगळ्यांचे आभार. रानवेडा सर, तुमची क-ख-ग ची चाचणी वर्गात घेतली. पहिल्या पत्रिकेत "उंदराला घुबड, धामण, मुंगूस" असं अचूक लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी "ख ग ला खातो" लिहिलं. म्हणजे बाण वाचलाच नव्हता, हे तुमचं म्हणणं खरं निघालं.

मग दोन गट केले. एका गटाने लेस्टरकर ताईंची झाकपट्टी आणि उत्तराताईंचं वाक्य वापरलं, दुसऱ्याने लाल पेन. वाक्यवाल्यांची दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लगेच सुधारली. तिसऱ्याला आता "घुबड आणि मुंगूस" येतंय, आणि कारणही येतंय की त्यांच्याकडून एकही बाण निघत नाही. लाल पेनवाल्यांना तिसरा प्रश्न तितका जमला नाही, पण चौथ्यावर ते जास्त बोलले.

आणि चौथ्यावरच मी अडकले आहे. मी मनाशी धरलेलं उत्तर होतं, "बेडूक वाढतील, कारण त्यांना खाणारी धामण नाही". एका मुलीने विचारलं, मग भाताचं काय होईल? फळ्यावर दोघींनी मिळून मांडलं. धामण गेली, बेडूक वाढले. बेडूक वाढले की नाकतोडे कमी, म्हणजे भाताचा फायदा. दुसऱ्या वाटेने, धामण गेली की उंदीर वाढले, म्हणजे भाताचं नुकसान. मग तीच म्हणाली, उंदीर वाढले तर घुबडं पण वाढतील. आणि मुंगसाच्या दोन खाण्यांतलं एक गेलं, तर ते उंदरांवरच तुटून पडेल. भात वाढणार की कमी होणार?

---

उत्तरा_क्लासेस

परीक्षेत एवढं विचारत नाहीत. धामणीला थेट जोडलेले बाण पाहायचे आणि थांबायचं. ज्यांच्याकडून धामणीकडे बाण येतो ते वाढणार, धामणीकडून ज्याच्याकडे बाण जातो त्याचं खाणं कमी होणार. दोन पायऱ्यांपलीकडे गेलं की मुलं वाहवत जातात.

---

रानवेडा

परीक्षेपुरतं उत्तराताईंचं ठीक. पण त्या मुलीने जे केलं ते बाण नीट वाचल्याशिवाय होत नाही, हे लक्षात घ्या. ती भाताकडे दोन वाटांनी पोहोचली.

उत्तर मात्र या चित्रावरून देता येत नाही. बाण सांगतो की घुबड उंदीर खातं, किती खातं ते सांगत नाही. गव्हाणी घुबडाचं एक जोडपं पिल्लांसाठी रात्रीत अनेक उंदीर उचलतं, तर मुंगसाच्या पोटात उंदराइतकेच किडे, अंडी, सरडेही असतात, जे या चित्रात नाहीतच. शिवाय उंदराची वीण महिन्यांत वाढते, घुबडाची वर्षाला. सुरुवातीला उंदीरच पुढे जाणार. शिंदेकाकांच्या बांधावर तेच झालेलं दिसतंय.

---

शिंदेकाका_भोर

आमच्याकडे तरी उंदीरच वाढले. नाकतोडे कमी झाले की नाही ते सांगता येणार नाही, तिकडे लक्ष दिलं नाही. मुंगसं आहेत, पण कोंबड्यांच्या मागे जास्त असतात. थांबे रोवतो या रविवारी.

---

गणूचे_बाबा

ताई, मग त्या मुलीला गुण कसे देणार? उत्तरपत्रिकेत "सांगता येत नाही" लिहिलं तर चूक की बरोबर?

---

मंजिरी_वाई

चौथा प्रश्न दोन भागांत तोडते आहे. पहिला भाग: धामणी नाहीशा झाल्या तर लगेच वाढू शकतील असे दोन प्राणी कोणते, आणि ते कोणत्या बाणांवरून ठरवलं ते दोन बाण लिहा. याचे गुण ठरलेले, बेडूक आणि उंदीर. दुसरा भाग: भाताकडे पोहोचणाऱ्या दोन वाटा बाणांनी काढा आणि प्रत्येक वाटेने भात वाढेल की घटेल ते लिहा. इथे शेवटच्या उत्तराला गुण नाहीत, वाटांना आहेत.

---

उत्तरा_क्लासेस

दुसरा भाग सहावीला जड आहे. आठवीला द्या.

---

प्राची_जोशी

प्रश्न सहावीच्याच मुलीने काढलाय, उत्तराताई. पण वाटा लिहिताना बाण उलट दिशेने चालावे लागतात, धामणीकडून मागे बेडकाकडे, तिथून मागे नाकतोड्याकडे. टोकाकडून शेपटीकडे. नुकताच बाण सरळ वाचायला शिकलेल्या मुलांचा तिथे पुन्हा गोंधळ होईल, याचं काय करायचं?

---

मंजिरी_वाई

हो, ते झालंच वर्गात. काही जणांनी मागे चालताना बाणाचं टोकच खोडून दुसऱ्या बाजूला काढलं. उद्या काळे बाण तसेच ठेवून परिणामाची वाट हिरव्या पेनाने शेजारून काढायला सांगणार आहे, प्रत्येक प्राण्यापाशी "वाढले" किंवा "घटले" लिहीत. कोणी हे आधी करून पाहिलं असेल तर सांगा.